वडोदऱ्याहून कलम ९चं समन्स आलंय. बहिणीला सासरी जावंच लागेल का?

रामबागचा मधू

नमस्कार मंडळी. गोष्ट घरातली आहे, पण आता घरात बसून सुटणारी राहिलेली नाही, म्हणून इथे लिहितोय.

धाकट्या बहिणीचं लग्न २०२१ मध्ये इथे इंदूरलाच झालं. सासर वडोदऱ्याचं, जावयाचं दुकान आहे. दोन वर्षांची मुलगी आहे. गेल्या दिवाळीपासून दोघी आमच्याकडे आहेत. मागच्या आठवड्यात वडोदऱ्याच्या कुटुंब न्यायालयातून हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९खालचं समन्स आलं. सोबतचा अर्ज गुजरातीत. छावणीतल्या एका गुजराती स्नेह्यांकडून वाचून घेतला. त्यात म्हटलंय की माझी पत्नी काहीही कारण नसताना दागिने आणि मुलीला घेऊन माहेरी निघून गेली, मी अनेकदा बोलावलं, वडीलधारे पाठवले, ती येत नाही. न्यायालयाने तिला माझ्या घरी येऊन नांदण्याचा हुकूम करावा आणि खर्चही द्यावा.

खरं काय झालं ते वेगळं आहे. दुकान वाढवायला तुझ्या वडिलांकडून चार लाख आण, असा तगादा वर्षभर चालू होता. दोनदा हात उचलला. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्यानेच तिला बॅगांसह इंदूरच्या बसमध्ये बसवलं आणि रात्री व्हॉट्सॲपवर लिहिलं, "पैशाची सोय झाली तर ये, नाहीतर येऊच नकोस." आम्ही पोलिसात गेलो नाही, कुठेच तक्रार केली नाही. उन्हाळ्यात त्याच्या वकिलाची नोटीस आली होती, तिलाही उत्तर दिलं नाही.

आता बाबा म्हणतात, कुणीही पेशीला जायचं नाही, आपोआप थकतील. काका म्हणतात, हुकूम झाला की पोलीस येऊन मुलीला उचलून नेतील. तारीख तीन आठवड्यांनी आहे. जावंच लागेल का तिला?

नर्मदाकाठ

भिया, घाबरू नका. हे कलम केव्हाच रद्द झालंय. आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये घटनाबाह्य ठरवलं होतं, बायको म्हणजे काही मालमत्ता नाही म्हणून. एक मात्र जपा. चुकून तिच्या विरोधात हुकूम झालाच आणि ती गेली नाही, तर खावटी कायमची बंद. माझ्या मित्राच्या वकिलाने त्याला हेच सांगितलं होतं, आणि म्हणूनच नवरे हा दावा लावतात.

सुमतीताई (इंदूर, वकिली)

नर्मदाकाठ, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण धोका उरलेल्या अर्ध्यात आहे. आंध्रचा तो निकाल खरा. त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने उलट निकाल दिला आणि १९८४ मध्ये सरोज राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. आज ते कलम जिवंत आहे, त्यामुळे समन्सही खरंच आहे.

मधू, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बहिणीला तारखेला जायचं आहे, सासरी नव्हे. या दोन गोष्टी तुमच्या घरात एकमेकींत मिसळल्यात.

अर्ज मागतो एवढंच, की पती-पत्नीपैकी ज्याने सबळ कारण नसताना दुसऱ्याची सोबत सोडली, त्याने परत येऊन एकत्र राहावं असा हुकूमनामा व्हावा. हुकूमनामा झाला तरी पोलीस दारात येत नाहीत. कोणत्याही न्यायालयाचा बेलिफ बाईला हाताला धरून नेऊ शकत नाही, आणि न गेल्याबद्दल तुरुंगही नाही. अंमलबजावणीचा मार्ग एकच, मालमत्तेवर जप्ती, दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २१, नियम ३२ खाली. तीही संधी असून मुद्दाम पाळलं नाही हे दाखवल्यावर. माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत बायकोवर अशी जप्ती मी पाहिलेली नाही. काकांना हे सांग, शांत झोपतील.

पण बाबांना सांग की त्यांचा सल्ला सगळ्यांत महागात पडणारा आहे. कुणी गेलं नाही की प्रकरण एकतर्फी चालतं. नवऱ्याने शपथेवर जे सांगितलं, तेच रेकॉर्डवर राहतं, त्याला कुणी उलटतपासणीत प्रश्न विचारलेला नसतो. हुकूमनामा होतो. मग त्याच कायद्याचं कलम १३(१अ) येतं. हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही, तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. तिथे नवऱ्याला क्रूरता सिद्ध करावी लागत नाही, दुसरं कारणही लागत नाही. वर्ष गेलं आणि संसार झाला नाही, एवढं पुरतं. बरेच कलम ९चे अर्ज बायको परत यावी म्हणून नसतातच. तो जिन्याची पहिली पायरी असतो.

एकतर्फी हुकूम रद्द करून घेता येतो, पण त्याला मुदत तीस दिवसांची, आणि समन्स पोहोचलंच नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही. सही कुणी केली?

रामबागचा मधू

सही तिनेच केली. म्हणजे ते दार बंद. आणि खावटीचं?

सुमतीताई (इंदूर, वकिली)

खावटीचं नर्मदाकाठांच्या मित्राला सांगितलेलं एके काळी काही न्यायालयांत चालायचं, म्हणून त्यांना दोष देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये रीना कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नांदायला जाण्याचा हुकूमनामा आहे आणि बायको गेली नाही, एवढ्यावरून तिची खावटी आपोआप तुटत नाही. ती का गेली नाही, तिच्याकडे पुरेसं कारण होतं का, हे खावटीच्या न्यायालयाने पुराव्यावरून स्वतंत्र पाहायचं. म्हणजे धोका शून्य झाला असं नाही. तुमच्या कारणाचा पुरावा कुठेच आणला नसेल, तर तो हुकूमनामा समोरचा तिथेही फडकवणारच.

खावटीचा अर्ज ती राहते तिथे लावू शकते, म्हणजे इंदूरला. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. मुलीसाठीही. हे वडोदऱ्याच्या दाव्याची वाट न पाहता लावता येतं.

आबासाहेब ग्वाल्हेर

मधुकरराव, आपली सून घरी येत नाही याचं दुःख मी समजू शकतो. आमच्या धाकट्याचंही असंच झालं होतं. कोर्टकचेरीपेक्षा दोन वडीलधारे, नारळ आणि साडी घेऊन जा. मुलीचे वडील हट्टी असले तरी आई विरघळते. आमच्याकडे तिसऱ्या भेटीत काम झालं. समुपदेशकाने नंतर फक्त सही घेतली.

रामबागचा मधू

आबासाहेब, ती सून नाही, माझी बहीण आहे, आणि आम्हीच मुलीकडचे. पण तुमच्या बोलण्यात राग नाही म्हणून बरं वाटलं.

दांडियाबाजारची लेक

मधूदादा, मी वडोदऱ्यातलीच, आमच्या तीन पिढ्या इथे मराठीच बोलतात. मला या कोर्टाच्या पायऱ्या पाठ आहेत, कारण हा अर्ज मी स्वतः लावला होता. नवऱ्याने मला माहेरी सोडलं आणि फोन बंद केला. मला खरंच परत जायचं होतं. हुकूमनामा माझ्या बाजूने झाला, तो आलाच नाही. त्याच्या विरोधात काय केलं तर काहीच नाही. वकील म्हणाले, जप्ती मागू किंवा दरमहा काही रक्कम मागू, नवरा हुकूम पाळत नसेल तर बायकोला तशी रक्कम लावून देता येते. मी आधी ती मागितली. वर्ष झाल्यावर मीच घटस्फोट मागितला. तो म्हणाला, हिनेच संसार मागितला आणि आता मोडते. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

सांगायचं हे की हा दावा फक्त नवऱ्यांचं हत्यार नाही. पण तो कुणाला परत आणतो, हे मी तरी पाहिलेलं नाही.

इथलं काम गुजरातीत चालतं. तारखेला आधी समेटासाठी बसवतात, वकील न्यायाधीशांच्या परवानगीने. ती परवानगी बहुतेक मिळते. बहिणीला एकटी पाठवू नका.

चिकित्सक

या सगळ्यात कायद्याचं मूळ कुणी काढतच नाही. रखमाबाईंवर दादाजी भिकाजीने मुंबई हायकोर्टात हाच दावा लावला होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी फेटाळला, अपिलात फिरला, १८८७ मध्ये 'नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद' असा हुकूम झाला. त्या कैदेला तयार होत्या. १८८८ मध्ये पैसे घेऊन त्याने दावा सोडला, आणि बाई पुढे डॉक्टर होऊन सुरत-राजकोटला नोकरीला लागल्या. इंग्लंडने असा दावा १९७०मध्येच बंद केला. त्यांनी आणलेलं आपणच धरून बसलोय. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयात याला आव्हान देणारी याचिका पडून आहे.

नर्मदाकाठ

म्हणजे माझंही बरोबरच होतं की. रद्द व्हायलाच हवं.

सुमतीताई (इंदूर, वकिली)

व्हायला हवं आणि झालंय, यात तीन आठवड्यांवर तारीख असलेल्या माणसाला फरक पडतो. चिकित्सक, एक भर घालते. कैदेची तरतूद या हुकूमनाम्यापुरती १९२३च्या दुरुस्तीने काढली. म्हणून आज फक्त जप्ती उरली आहे.

आता मधू, जबाबाकडे येऊ. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी जबाब द्यायचा, न्यायालय नव्वदपर्यंत मुभा देऊ शकतं, पण त्या मुभेवर विसंबू नका.

जबाबात सगळ्यात आधी ठरवायचं की सोबत सोडली कोणी. अर्जाची इमारत 'ती निघून गेली' या एका वाक्यावर उभी आहे. तुम्ही सांगता, त्याने बसमध्ये बसवलं आणि 'येऊच नकोस' लिहिलं. हे सिद्ध झालं तर सोडणारी ती नाहीच, तिला काढलं गेलं. तेव्हा नुसतं 'त्रास होता' असं लिहून थांबू नका. तारीख, बस, संदेश, चार लाखांची मागणी कधी, कुणासमोर झाली, हात कधी उचलला, कुणी पाहिलं, कुणाला सांगितलं, हे परिच्छेदवार यायला हवं. शेजारच्या बाईला फोन केला असेल तर तोही.

मग सबळ कारण. कलम ९खाली हे सिद्ध करण्याचा भार सोडून गेलेल्यावर असतो. सोबत सोडली हे दाखवायचं नवऱ्याने, का सोडली हे दाखवायचं बायकोने. पण लोक इथे उगाच घाबरतात. १९७६ पूर्वी कायद्यात एक उपकलम होतं, की घटस्फोटाला किंवा न्यायिक विभक्ततेला पुरेल असंच कारण बचावात सांगता येईल. ते काढून टाकलंय. आता कारण घटस्फोट मिळण्याइतकं मोठं नसलं तरी चालतं, खरं आणि वाजवी असावं लागतं. त्यामुळे 'दोनदाच मारलं, त्याने काय होतं' म्हणून ते जबाबातून गाळू नका.

रामबागचा मधू

ताई, संदेश तिच्या फोनमध्ये आहेत. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. फोन जुना आहे, बदलायचा विचार चालू होता.

सुमतीताई (इंदूर, वकिली)

बदलू नका! पूर्ण संभाषण तसंच राहू द्या, मधलं काही पुसू नका, अगदी तिने रागात लिहिलेलं असेल तेही. स्क्रीनशॉट फक्त दाखवायला. पुराव्यात देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा फोन कुणाकडे होता, कसा घेतला, हे सांगावं लागतं. कुटुंब न्यायालय पुराव्याच्या नियमांत थोडं मोकळं असतं, पण समोरच्या वकिलाने 'बनावट' म्हटलं की मूळ फोन हाताशी असलेला बरा.

इंदूरी_पोहे

एक शंका. ती इंदूरला, लग्न इंदूरला, दावा वडोदऱ्याला. मग 'आमच्यावर तिथला अधिकारच नाही' म्हणून उडवून लावायचं ना? माझ्या भावाने चेकच्या केसमध्ये असंच केलं होतं.

सुमतीताई (इंदूर, वकिली)

चेकच्या केसला वेगळा कायदा. इथे दावा लग्न झालं तिथे, समोरचा राहतो तिथे, किंवा दोघं शेवटी एकत्र राहिले तिथे लावता येतो. शेवटचं घर वडोदऱ्याचं, त्यामुळे त्याने योग्य जागी लावलाय. तो मुद्दा जबाबात घेतला तर पान वाया आणि न्यायाधीश वैतागणार.

बदली मागता येते. दोन राज्यं आहेत म्हणून ती सर्वोच्च न्यायालयात, दिवाणी संहितेच्या कलम २५खाली. लहान मूल, उत्पन्न नाही, एवढा प्रवास, ही कारणं बायकांच्या बाबतीत गांभीर्याने घेतली जातात. पण मिळेलच असं नाही, व्हिडिओवरून हजर राहा असंही सांगू शकतात. बदलीचा अर्ज टाकला म्हणून वडोदऱ्याचं काम थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. मी पाहिलेली चूक हीच, की दिल्लीला अर्ज केला म्हणून इथली तारीख सोडली आणि एकतर्फी झालं.

मी असते तर आधी वडोदऱ्यात वकील हजर केला असता, आणि त्याच न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४खाली अर्ज दिला असता, की मला उत्पन्न नाही, दाव्याचा आणि येण्या-जाण्याचा खर्च आणि दावा चालू असेपर्यंतची खावटी नवऱ्याने द्यावी. त्याने दुकानाचं उत्पन्न प्रतिज्ञापत्रावर सांगायचं, तिनेही आपलं. २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून हे दोघांनाही द्यावंच लागतं. ज्या दुकानासाठी चार लाख हवे होते, त्याचे आकडे तिथे बाहेर येतात.

दांडियाबाजारची लेक

वकिलाच्या पैशाची काळजी असेल तर इथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाई असेल तर उत्पन्नाची अट नसते. मला मिळालेल्या ताई चांगल्या होत्या, कामं खूप असल्यामुळे फोन कमी उचलायच्या एवढंच.

काचमंदिर_कॉर्नर

एवढं कशाला? जबाबात लिहा 'मी नांदायला तयार आहे'. तोच घ्यायला येणार नाही, आणि तोंडावर पडेल. आमच्या ओळखीत असंच झालं.

सुमतीताई (इंदूर, वकिली)

हे चलाखीचं वाटतं आणि बऱ्याचदा उलटतं. सरोज राणीची गोष्टच ऐका. १९७५चं लग्न. १९७७ मध्ये दावा बायकोनेच लावला होता, मला नांदायचंय म्हणून. नवरा न्यायालयात म्हणाला, मला मान्य आहे. भांडण संपलं असं सगळ्यांना वाटलं. मार्च १९७८ मध्ये संमतीने हुकूमनामा झाला. एप्रिल १९७९ मध्ये, वर्ष उलटताच, नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज टाकला, की हुकूमनाम्यानंतर आम्ही एकत्र राहिलोच नाही. बायको म्हणाली, त्याने मला घरी नेलं, दोन दिवस ठेवलं आणि हाकललं. न्यायालयांना ते पटलं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही घटस्फोट कायम ठेवला, तिच्यासाठी आणि मुलीसाठी महिन्याची रक्कम बांधून दिली.

संमतीच्या हुकूमनाम्यालाही तेच घड्याळ लागतं. नुसतं 'तयार आहे' म्हटलं की न्यायाधीश म्हणतील, वादच नाही, हुकूमनामा घ्या. जी बाई खरोखर नांदायला तयार आहे, तिने काय म्हणावं हा वेगळा प्रश्न, आणि तो मधूला विचारून उपयोग नाही. मधू, बहिणीला काय हवंय?

रामबागचा मधू

खरं सांगायचं तर आम्ही सगळे बोललो, तिला नीट विचारलं नाही. तिलाच इथे लिहायला सांगतो.

मधूची बहीण

मधूदादाच्या लॉगिनवरून नाही, माझंच खातं काढलंय. सगळं वाचलं.

मला घटस्फोट नकोय, निदान आत्ता. पण त्या घरात परत जायचं नाही. मांजलपूरला वेगळी दोन खोल्यांची जागा घ्यावी, माझ्या वडिलांकडे पैसे मागू नयेत आणि हात उचलू नये, एवढं झालं तर मी येईन, असं मी त्याला मार्चमध्ये लिहिलंही होतं. त्याने निळे टिक करून सोडून दिलं. मी असं लिहिलं म्हणजे मी अटी घातल्या, असं उलटेल का माझ्यावर?

सुमतीताई (इंदूर, वकिली)

बेटा, तो मार्चचा संदेश तुझ्या केसमधला सगळ्यात चांगला कागद आहे. त्याने दोन गोष्टी दिसतात. तू संसार सोडून दिलेला नाहीस, आणि त्याने तुझ्या मागण्यांना नाही म्हटलं तर सोड, उत्तरच दिलं नाही. मारहाण आणि पैशाची मागणी थांबावी, ही अट म्हणजे अट नाही, तो तुझा हक्क आहे.

वेगळ्या घराचं मात्र सांभाळून लिहायचं. 'सासू-सासऱ्यांपासून वेगळं राहायचं' एवढंच लिहिलंस तर समोरचा वकील त्यावरच तासभर खेळेल, मुलाला आई-वडिलांपासून तोडते म्हणून. मागणी, मारहाण आणि त्या घरात तुझ्याशी काय झालं, याला जोडून वेगळ्या जागेची गरज लिही. कारण आधी, जागा मागून.

मग जबाबाचा सूर असा. मी त्याला सोडलेलं नाही, मला काढलं. अर्जातले आरोप खोटे, दागिने स्त्रीधन आहेत आणि काय-काय आहे त्याची यादी ही. मला सुरक्षित आणि मानाने राहता येईल अशी जागा त्याने द्यावी तर मी एकत्र राहायला तयार आहे, आणि ते मी मार्चमध्ये लिहून कळवलं होतं. या स्थितीत हुकूमनाम्याला आधार नाही, अर्ज फेटाळावा. 'तयार' हा शब्द त्या सगळ्यानंतर येतो, आणि समेटाच्या टेबलावर तुझ्या तोंडूनही याच क्रमाने यायला हवा.

दांडियाबाजारची लेक

ताई, इथे माझं मत वेगळं आहे. समेटाच्या खोलीत 'अर्ज फेटाळावा' असं कुणी बोलतच नाही. समुपदेशक विचारतात, जाणार का, हो की नाही. मी हो म्हटलं होतं, तेवढंच लिहून घेतलं. तेव्हा तिने तिथे काही सही करण्याआधी कागद वाचून घ्यावा, आणि गुजराती कळत नसेल तर तसं त्यावर लिहायला लावावं. नाहीतर अट राहते खोलीत आणि सही जाते फाइलमध्ये.

सुमतीताई (इंदूर, वकिली)

ते खरं आहे, मान्य. खोलीतलं बोलणं नंतर पुरावा म्हणून वापरायचं नसतं, पण सही केलेली तडजोड चालते. ठरलंच तर जागेचा पत्ता, भाडं कोण देणार, कधीपासून, सगळं त्यात असू दे. आणि तू खरोखर गेलीस आणि दोन दिवसांत परत काढलं, तर त्याच दिवशी वकिलाकडून न्यायालयात लेखी दे. सहा महिन्यांनी सांगितलेलं कुणाला पटत नाही.

काचमंदिर_कॉर्नर

आणि तिने उलट घटस्फोट किंवा ४९८अ टाकलं तर? नवरा जागेवर येईल.

सुमतीताई (इंदूर, वकिली)

त्याच दाव्यात कलम २३अखाली प्रतिदावा करता येतो, क्रूरतेवरून न्यायिक विभक्तता किंवा घटस्फोट मागता येतो. पण ती वर म्हणते की तिला घटस्फोट नकोय. मग तो मागायचा नाही. फौजदारी तक्रार तिला करायची असेल तर आता न्याय संहितेचं कलम ८५ आहे, ती करावी की नाही हे तिच्यावर काय गुदरलं त्यावर ठरेल. नवऱ्याला जागेवर आणायला म्हणून नव्हे. मी ती शिफारसही करत नाही आणि अडवतही नाही.

मधूची बहीण

आज संध्याकाळी छावणीतल्या काकांकडून पूर्ण अर्ज पुन्हा वाचून घेतला. शेवटच्या मागणीत मुलीच्या ताब्याबद्दल काही नाही, फक्त मी यावं आणि खर्च. सातव्या परिच्छेदात एक सापडलं. लिहिलंय की मे महिन्यात तो दोन वडीलधारी माणसं घेऊन इंदूरला आला, आम्ही दार उघडलं नाही. त्याच आठवड्यात त्याने मला लिहिलंय, "दुकानाचं काम सुटत नाही, कुठे यायला वेळ नाही, बाबांना पैशाचं विचार." हे आत्ताच जबाबात सांगावं की उलटतपासणीसाठी राखून ठेवावं? दादा म्हणतो राखून ठेव, तिथे पकडू.

सुमतीताई (इंदूर, वकिली)

जबाबात लिही. त्याने मे महिन्यात आल्याचं सांगितलं, तू नुसतं 'नाकबूल' म्हटलंस तर तुझ्या पुराव्याला पाय राहत नाही, आणि नंतर ऐनवेळी काढलेल्या संदेशावर आधी का नाही सांगितलं, हाच प्रश्न येतो. भेट झालीच नाही, त्या आठवड्यात त्याने वेळ नसल्याचं लिहून कळवलं, एवढं वाक्य पुरे. संदेशाचे शब्द हुबेहूब, तारखेसह. उलटतपासणीत विचारायचे प्रश्न वकिलाकडे राहू दे, ते इथे लिहू नका. समोरचेही वाचत असतील.

आबासाहेब ग्वाल्हेर

आता माझ्या लक्षात आलं, मुलगी तुमचीच. क्षमस्व. तरीही मे महिन्यात जी माणसं आली म्हणतात, ती खरंच कोण होती ते विचारून घ्या. आमच्या वेळी अशी दोन माणसं कागदावरच जन्मली होती.

रामबागचा मधू

अर्जात त्यांची नावं आहेत, काका. त्यातले एक गृहस्थ मे महिन्यात अमेरिकेत मुलाकडे होते, हे बहिणीला आधीपासून माहीत आहे. ताई, हे कसं दाखवायचं? ते काही पासपोर्ट आम्हाला देणार नाहीत.

सुमतीताई (इंदूर, वकिली)

ते साक्षीला आले तर पासपोर्ट हजर करायला सांगता येईल. आलेच नाहीत तर प्रश्नच मिटला. मात्र जबाबात ही गोष्ट ऐकीव म्हणून लिहू नका. बहिणीला कुणाकडून, कधी कळलं ते आधी मला कळव, मग ठरवू. फाइल घेऊन शनिवारी ये, तिलाही आण.